टोपलीबाईची कॅसेट

मत्सर हा शब्द मला फार पुस्तकी वाटतो. मला झाला तो जळफळाट. आणि झाला कुणावर, तर माझ्याच बालवर्गातल्या मावशींवर. अकरा वर्षं ज्या बाईनं माझ्या वर्गातल्या पोरांची शेंबडी नाकं पुसली, ओल्या चड्ड्या बदलल्या, डब्यांची झाकणं उघडून दिली, तिच्यावर.

मी राहायची डोंबिवलीला आणि शाळा कळव्याला. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, खाली दोन वर्ग नि वर मॅनेजरचं घर, एवढीच ती शाळा. मी तिथली मुख्य बाई. मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. पोरं त्यांना मावशी म्हणायची म्हणून मीही मावशी म्हणायची, आणि त्या मला बाई. वयानं आम्ही सारख्याच, पण तसं कुणाच्या मनातही आलं नसतं. मी बालशिक्षणाचा कोर्स केलेला, भिंतीवर माझं सर्टिफिकेट फ्रेममध्ये. त्यांचं शिक्षण चौथी.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. माझी एकुलती एक लेक लग्न करून अमेरिकेत गेलेली. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची. दर रविवारी सकाळी फोन यायचा. लेक म्हणायची, "थांब हं, पिल्लूला देते," आणि तिला सांगायची, "आजीशी बोल." मग पिल्लू यायचं. एकदा 'हाय', एकदा 'बाय', आणि मधे नुसता श्वास. मी आपली इकडून बडबडतेय, "जेवलीस का गं राणी? काय खाल्लंस? दूध प्यायलीस?" तिकडे श्वास. लेकीचे डॉलर त्या श्वासावर जात होते. दुसऱ्यांची शेकडो पोरं मी बोलती केली, आणि माझ्या नातीनं मला एकदा 'आजी' म्हणून हाक मारलेली नव्हती. फोन ठेवला की मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घ्यायची.

अशात लेकीचं पत्र आलं. तिकडे त्यांचं एक मराठी मंडळ होतं, रविवारी कुणाच्या तरी तळघरात मुलांची मराठी शाळा भरायची. शिकवणाऱ्या सगळ्या हौशी आया. त्यांना व्हिडिओ कॅसेट हवी होती. तीन ते सात वर्षांची मुलं, घरी इंग्रजीच बोलणारी, त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची. खेळ, बडबडगीतं, साधी गाणी. "आई, तूच लिही," लेकीनं लिहिलं होतं. "तुझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार? आणि पिल्लूला तुझा चेहरा दिसेल."

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! दुसऱ्याच दिवशी मी दोन नव्या साड्या काढून ठेवल्या. अजून एक ओळही लिहिली नव्हती.

ठाण्याच्या वर्तकनगरात एक व्हिडिओवाला होता, लग्नांची शूटिंग करायचा. माणूस तरुण, पण डोकं ठिकाणावर असलेला. त्याच्याकडे मी माझी पहिली स्क्रिप्ट घेऊन गेले. एकवीस पानं. त्यात समई होती, पाटा-वरवंटा होता, बारा महिने, सहा ऋतू, आणि शेवटी मुलांनी वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा. त्यानं शांतपणे चाळलं.

"बाई, हे छान आहे," तो म्हणाला. "पण ऐकत कोण बसणार? तिकडच्या पोराला चप्पल म्हणता येत नाही आणि तुम्ही त्याला हेमंत ऋतू शिकवताय."

मला राग आला. पण गोष्ट खरी होती. त्यानं एका कागदावर मधोमध रेघ मारून दिली. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. "जे दिसतं ते परत बोलून दाखवायचं नाही," म्हणाला. "आणि एका खेळात सहा-सातच शब्द. तेच फिरवून फिरवून."

मग मी खरी कामाला लागले. महिनाभर रोज शाळेतून आल्यावर लिहायची. शब्द घरातले निवडले. चेंडू, चमचा, वाटी, केळं, चप्पल, फुगा, साबण. आधी वस्तू हातात घेऊन दाखवायची, दोनदा नाव घ्यायचं. मग टोपलीखाली झाकायची. मग गाणं म्हणायचं:

टोपलीबाई, टोपलीबाई, पोटात तुझ्या काय?
वाजतं का, नाचतं का, त्याला आहेत का पाय?

मग टोपली उचलायची आणि मी म्हणणार, "चेंडू! हा आहे चेंडू!" की पुढची वस्तू. हे गाणं मला सुचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले, खोटं कशाला सांगू? अजूनही मला ते आवडतं.

शूटिंग रविवारी शाळेतच करायचं ठरलं. व्हिडिओवाला म्हणाला, आधी थोडंसं करून बघू, मुलांना दाखवू, मग खरं शूटिंग. मावशींना मी वस्तू हातात द्यायला बोलावलं होतं. कॅमेऱ्यात फक्त त्यांचा हात येणार होता. मी मोरपंखी साडी नेसले, केसांत गजरा, आणि अर्धा तास अगदी शुद्ध, स्पष्ट, खणखणीत बोलले. गाडीचा भोंगा वाजला की थांबायचं, गाडी गेली की पुन्हा सुरू. शेवटी दमून मी पाणी प्यायला गेले. कॅमेरा चालूच राहिला होता. कॅमेऱ्याच्या मागे दोन-तीन पोरं खेळत होती, मॅनेजरांची नातवंडं. मावशी टोपली आवरत होत्या, त्यांना वाटलं जरा पोरांना रमवावं. त्यांनी चेंडू टोपलीखाली झाकला आणि वर हात ठेवून म्हणाल्या, "टोपलीबाई, टोपलीबाई, पोटात तुज्या काय?"

आणि गप्प बसल्या.

सोमवारी व्हिडिओवाल्यानं टीव्ही नि व्हीसीआर शाळेत आणला. माझ्या वर्गातली पस्तीस पोरं समोर बसवली. मी पडद्यावर आले. पहिली दोन मिनिटं सगळी बघत होती. मग एकानं शेजारणीची वेणी ओढली. एक खिडकीशी गेला. एकीनं मला विचारलं, "बाई, शूला जाऊ?" पडद्यावर मी खणखणीत बोलतेय आणि समोर मंडई भरलेली.

शेवटी तो चुकून राहिलेला तुकडा आला. मावशींनी विचारलं आणि त्या कॅमेऱ्याकडे, म्हणजे पोरांकडे, नुसतं बघत राहिल्या. मान जराशी तिरकी. भुवया वर. काही घाई नाही. वर्गात एकदम शांत झालं. आणि मग पस्तीस पोरं टीव्हीवर ओरडली, "चेंडूऽऽ!"

खिडकीतला पळत परत आला. "परत! परत!" सुरू झालं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या आजही आठवतात.

व्हिडिओवाला माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "बाई, लिहिलंय तुम्हीच. पण समोर त्यांना बसवू या."

"त्यांना? कॅमेऱ्यासमोर?" मी म्हटलं. "अहो, तुज्या म्हणतात त्या. तिकडची पोरं तेच शिकतील."

"आमच्या घरी पण तुज्याच म्हणतात," तो म्हणाला.

मावशींना विचारलं तर त्या हातच जोडायला लागल्या. "मना नाय जमाचा, बाई. तुमी शिकलेल्या. मी काय बोलनार?" वाटलं, चला, सुटले. पण मीच मेली शहाणी! तोंडदेखलं म्हणून गेले, "छे छे, जमेल हो मावशी, मी आहे ना." आणि त्या हो म्हणाल्या.

मग मी त्यांना विचारलं, हे असं गप्प बसायचं तुम्हाला कुणी शिकवलं? तर हसल्या. "आयेसंगती मासली विकायला बसाची ना बाजारात. आय सांगाची, भाव सांगला की गप रव्हाचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकरं बघत. जो पयला बोलंल तो हरला."  वीस वर्षं शिकवत होते, कोर्स केला होता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणखी जळले.

तरी एक सांगते, स्क्रिप्ट मी प्रामाणिकपणे दुरुस्त केली. टोपली उचलायच्या आधी, प्रत्येक प्रश्नानंतर, उजव्या रकान्यात लिहिलं, 'थांबा. पाच मोजा.' एकूण एकतीस जागा. माझ्याच अक्षरात. शूटिंग दोन रविवार चाललं. मावशी घरच्याच हिरव्या साडीत आल्या. सुरुवातीलाच हात हलवून म्हणाल्या, "मी मावशी!" आणि पुढे त्यांनी माझं गाणं असं म्हटलं की माझं राहिलंच नाही. मी कॅमेऱ्यामागे बसून बोटांवर पाच मोजत होते. मला माझी नात दिसत होती, तिकडे गालिच्यावर मांडी घालून बसलेली, या बाईच्या तोंडाकडे बघणारी. माझ्या नाही. मी नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीची मुलगी ती. तिला मराठी बोलायला शिकवणार कोण, तर कळव्याच्या मावशी. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

मग ते पाप केलं.

एडिटिंगला वर्तकनगरला मी एकटीच गेले. दोन व्हीसीआर, एक छोटा मिक्सर, आणि एक टेबलफॅन, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. पहिली रिकामी जागा आली. मावशी पडद्यावरून बघतायत, आवाज काही नाही. मी म्हटलं, "हे बरं दिसत नाही. लोकांना वाटेल कॅसेट खराब आहे."

"बाई, जागा मुद्दाम ठेवलीय ना?" तो म्हणाला. "तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"मी लिहिलंय, मीच बदलते. माइक लावा."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि माइक लावला. मावशींनी विचारलं, "पोटात तुज्या काय?" आणि मी माइकमध्ये म्हटलं, "चेंडू!" गोड, खणखणीत, माझा बाईंचा आवाज. एकतीस जागा होत्या. एकतीसही भरल्या. एकीतही कुणाला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. माझ्या मनात एवढंच होतं की चेहरा नाही तर नाही, निदान आवाज तरी माझा जाऊ दे तिच्यापर्यंत. हे खरं आहे. आणि मावशींचं सगळं कौतुक त्या गप्प बसण्यात आहे हे मला माहीत होतं, हेही खरं आहे.

इकडची कॅसेट तिकडच्या व्हीसीआरवर चालत नाही, हे व्हिडिओवाल्याला ठाऊक होतं. त्यानं मुंबईहून तिकडच्या पद्धतीच्या प्रती करून आणल्या. ओळखीच्या एकाच्या बॅगेतून त्या गेल्या. एक प्रत इकडची शाळेसाठी ठेवली.

ती शाळेत लावली तेव्हा मॅनेजर, मी, मावशी, मावशींची सून, वर्गातली पोरं, सगळी होतो. मावशी पदर नीट करून पुढे बसल्या होत्या. पहिला प्रश्न आला. पडद्यावरच्या मावशींनी मान तिरकी केली, आणि माझा आवाज आला, "चेंडू!" दुसरा प्रश्न. "चमचा!" पोरं बघत होती, पण ओरडलं कुणी नाही. ओरडायचं काय, उत्तर आलेलंच होतं.

मावशींनी शेवटपर्यंत सगळं बघितलं. सगळे गेल्यावर चटया गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "बाई, भाव पन तुमीच सांगला, न गिऱ्हाईक पन तुमीच झालाव."

रागानं नाही. बाजारात चुकीचं तोललेलं दाखवावं, तसं. मी म्हटलं, "तांत्रिक कारण होतं हो मावशी." त्या 'बरं' म्हणाल्या आणि चटई कोपऱ्यात उभी केली.

लेकीचा फोन आला. कॅसेट सगळ्यांना आवडली, त्या मावशी किती गोड आहेत, असं सगळे म्हणाले. मी विचारलं, "पिल्लू बोलते का गं?" ती म्हणाली, "बघते आई. रोज बघते. पण बोलत नाही. नुसतीच बघते." मग पिल्लू फोनवर आली. हाय. श्वास. बाय.

डिसेंबरात दोघी डोंबिवलीला आल्या. महिनाभरासाठी. पहिले दोन दिवस नात आईच्या कमरेला चिकटून. तिसऱ्या दिवशी दुपारी लेक झोपली होती, तेव्हा मी पोळ्यांची टोपली आणली. चेंडू आणला. नात समोर येऊन बसली. मला एवढा आनंद झाला! मी चेंडू दाखवला, दोनदा नाव घेतलं, झाकला, आणि गायले, "टोपलीबाई, टोपलीबाई, पोटात तुझ्या काय?"

आणि थांबले. मोजले पाच. दहा मोजले.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. घाबरून नाही, अगदी निवांत. ती वाट बघत होती. हा आवाज प्रश्न झाला की उत्तर देतो, हे तिला पाठ होतं. तिच्या दृष्टीनं आता पाळी माझी होती. मी बोलत नाही म्हटल्यावर तिनं टीव्हीकडे बघितलं, मग दाराकडे, आणि म्हणाली, "मावशी?"

माझ्या घरात तिनं उच्चारलेला पहिला मराठी शब्द तो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी चेंडू उचलून ठेवला. संध्याकाळपर्यंत भांडी घासत बसले. लेक विचारत होती, "काय झालं गं आई?" काय सांगू? चार वर्षांच्या पोरीला मावशी म्हणता आलं म्हणून आजीच्या पोटात दुखतंय, हे सांगू?

रात्रभर विचार करून सकाळी मी तिला न्हाऊ-माखू घातलं आणि तिला घेऊन कळव्याला गेले. शाळेला नाताळची सुट्टी होती, म्हणून थेट मावशींच्या घरी. अकरा वर्षांत मी तिथे पहिल्यांदा जात होते. अंगणात बोंबील वाळत घातलेले. माझ्या घरात मासळी येत नाही, मी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला. मावशी ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून हात धुवायला आत पळाल्या.

नात जागीच उभी. टीव्हीतली बाई दारातून बाहेर आली, हिरवी साडी नाही पण तोंड तेच. तिनं माझा हात सोडला.

"आली काय गो माजी बाय!" मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, ती बोलत नाही. मी... मी तिची सगळी जागा भरून टाकली." आणि मला रडूच आलं. मावशींनी ओले हात पदराला पुसले. मला ओट्यावर बसवलं, नातीला समोर उभं केलं, आणि भिंतीला उलटी टेकवलेली एक मोठी वेताची पाटी आणली, मासळी विकायला न्यायची ती.

"धुतलेली हाय, बाई," म्हणाल्या, आणि ती माझ्या डोक्यावर पालथी घातली, पार खांद्यांपर्यंत.

आत अंधार आणि मासळीचा वास. वेताच्या फटींतून उजेडाचे ठिपके. मावशींनी पाटीवर टिचकी मारली. "टोपलीबाई, टोपलीबाई, पोटात तुज्या काय? वाजतं का, नाचतं का, त्याला हायेत का पाय?"

आणि गप्प.

मी मोजत होते. पाच झाले. दहा झाले. कुठेतरी कोंबडी ओरडली. पंधरा. तिला येत नाही, मी मनात म्हटलं, तिला हा शब्द कुणी शिकवलाच नाही, कॅसेटमध्येही नाही. चेंडू, चमचा, साबण सगळं घातलं मी, हाच तेवढा राहिला. आता सांगून टाकते. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मावशी बाहेरून हळूच म्हणाल्या, "थांबा, बाई." त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी ओठ दाताखाली धरले.

"आजी," नात म्हणाली.

फोनवर लेक दर रविवारी म्हणायची ना, 'आजीशी बोल', तिथून तिनं तो शब्द मनात ठेवला असणार. मावशींनी पाटी उचलली, तशी नात आनंदानं उड्या मारत पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "आजी! आजी!" आणि बघत होती मावशींकडे, बरोबर आलं ना म्हणून. मी तिला पोटाशी घेतलं. माझ्या केसांना पाटीचा वास लागला होता. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता, आणि तेव्हाही मी जळतच होते, कारण ती हाक मला मावशींच्या हातून मिळाली होती.

नवं वर्ष लागल्यावर मी वर्तकनगरला गेले आणि कॅसेट पुन्हा करून घेतली, माझा आवाज काढून. एकतीसही जागा रिकाम्या.